मनात तुहाच वावर असते : हे 35 खुणांत कसं बसवू?

पांदणवाट

नमस्कार मंडळी. घाटंजी तालुक्यातल्या आम्हा सहा जणांनी मिळून 18 मिनिटांची एक छोटी फिल्म केली आहे. भाषा अस्सल वऱ्हाडी, चित्रीकरण कापूस वेचणीच्या दिवसांत, आमच्याच वावरांत. एका महोत्सवात पाठवायची तर प्रमाण मराठीत आणि हिंदीत सबटायटल हवेत असं कळलं. ते माझ्याकडे आले आहेत आणि आठ दिवस मी चार वाक्यांवर अडलोय.

प्रसंग असा. पोट्टा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर उभा आहे, पोट्टी शेजारच्या वावरात कापूस वेचते आहे. ओटी बांधलेली, हात चालूच.

तो : दिसभर वावरात असतो मी, पन मनात तुहाच वावर असते.
ती : वावर? किती एकराचं?
तो : जेवढं हाय तेवढं. सातबारा तुह्याच नावानं करतो.
ती : आधी धुरा तं ओलांड!

आमच्याकडे गावात दाखवली तेव्हा दुसऱ्या वाक्याला बाया हसल्या, तिसऱ्याला गप्प झाल्या आणि चौथ्याला पोट्ट्यांनी शिट्ट्या मारल्या. हे तिन्ही मला सबटायटलमध्ये हवं आहे.

मर्यादा अशी : एका ओळीत 42 खुणा, जास्तीत जास्त दोन ओळी आणि वाचायचा वेग सेकंदाला 17. पहिलं वाक्य तो 2.1 सेकंदांत बोलतो, म्हणजे मला 35 मिळतात. मी सरळ लिहिलं, "दिवसभर मी शेतात असतो, पण मनात तुझाच वावर असतो." ते भरलं 46. शिवाय 'शेत' लिहिल्यावर वावराची गंमतच उडाली. काय करू?

सांबारवडी

किती एकराचं! एकटीच हसत बसले. फिल्म कुठे पाहायला मिळेल?

मालवणी_बोका

दादा, मी सिंधुदुर्गातला. खरं सांगतो, तुम्ही खाली शिट्ट्यांबद्दल लिहिलंत म्हणून मी परत वर जाऊन वाचलं, तरी दुसरं वाक्य कळलं नाही. आमच्याकडे वावर म्हणजे वावरणं, ये-जा. त्याला एकर कुठून आले? आता सांबारवडीताई हसल्या म्हणून अंदाज केला की वावर म्हणजे शेत.

नाशिकचा_नाद

वावर म्हणजे शेत हे फक्त विदर्भातलं नाही हो. आमच्याकडे नाशिक-नगरलाही वावरच म्हणतात. तसाच ठेवा शब्द. अर्ध्या महाराष्ट्राला कळेल.

शब्दमोजणी

तुमचा हिशेबच चुकतोय. मर्यादा अक्षरांची असते आणि मराठीत मात्रा, वेलांटी हे वेगळं अक्षर नसतं. 'मनात' ही तीन अक्षरं. तुमच्या त्या 46 च्या वाक्यात अक्षरं मोजली तर 26 येतात. भरपूर जागा आहे, बिनधास्त लिहा.

टाइमकोड

पांदणवाट, हे काम मी बरीच वर्षं करतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शब्दमोजणी यांच्या मुद्द्याबद्दल. डोळ्याला दिसणारी अक्षरं त्यांनी बरोबर मोजली आहेत. पण फाइल तपासणारं सॉफ्टवेअर तसं मोजत नाही. त्याच्या दृष्टीनं काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही प्रत्येक वेगळी खूण आहे, जागा आणि विरामचिन्हंही मोजली जातात. 'मनात' म्हणजे म, न, काना, त, असे चार. जोडाक्षरात तर हलन्ताची खूण दिसतही नाही, तरी मोजली जाते. 'तुझ्याच' डोळ्याला तीन अक्षरं, यंत्राला सात खुणा. तुमचं वाक्य तिथे 46 च भरणार आणि लाल होणार. मला वैयक्तिक विचाराल तर मराठीवर हा अन्याय आहे, कारण वाचणारा अक्षर एका झटक्यात वाचतो. पण ज्यांना फाइल द्यायची त्यांची मोजणी हीच असेल तर तिच्यातच बसवावं लागतं. एकदा त्यांना विचारून घ्या, काही जण सवलत देतात.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही पहिल्या वाक्यापासून सुरुवात केलीत. अशी चार वाक्यांची साखळी असली की मी शेवटाकडून मागे येतो. शेवटी ती म्हणते धुरा ओलांड. ते उभं राहायला त्याआधी जमीन हवी. सातबाऱ्याला जमीन हवी. एकराला जमीन हवी. म्हणजे पहिल्या वाक्यात असा एकच शब्द पाहिजे जो मनाबद्दल बोलताना साधा वाटेल आणि तिनं उचलला की जमीन होईल. तो शब्द 'वावर'च असायला हवा असं नाही. वाक्यातलं बाकी सगळं, दिवसभर वगैरे, सोडून देता येतं. दिवस तर मागे उन्हात दिसतोच आहे.

प्रमाण मराठीत असा शब्द आहे, 'जागा'. मनात जागा असते आणि गावाबाहेरही जागा असते.

```
41
00:06:12,100 --> 00:06:14,200
शेतात मी, पण मनातली जागा तुझीच.

42
00:06:14,900 --> 00:06:15,900
जागा? किती एकर?
```

पहिलं 31 भरतं, दुसरं 15. दोन्ही बसतात. वेळा मी अंदाजानं टाकल्या आहेत, तुमच्या फाइलप्रमाणे बदला.

पांदणवाट

टाइमकोडदादा, 'जागा' वाचून अंगावर काटा आला. वेळा जवळपास बरोबर आहेत. तिच्या उत्तराआधी खरंच 0.7 सेकंदांची शांतता आहे. ती हातातलं बोंड सोडत नाही, फक्त मान वर करते.

रेवतीची_आई

माझ्या पुतणीचं लग्न आहे मार्गशीर्षात, आर्णीला. व्हिडिओवाला म्हणतो नवरा-नवरीच्या फोटोंखाली प्रेमाची वाक्यं टाकून देतो. त्यानं दिलेली सगळी एकसारखीच आहेत. कोणी छोटी, गोड, आपल्याकडची वाक्यं सुचवाल का? सासरचे लोक साधे आहेत, जास्त चावट नको.

सांबारवडी

रेवतीची आई, त्या दोघांनाच विचारा ना ते एकमेकांना कसे चिडवतात. तेच लिहा. माझ्या लग्नाच्या व्हिडिओत यांनी मला पहिल्यांदा विचारलेलं वाक्य आहे, "भाजीत तिखट चालते का जी तुम्हाले?" अजूनही सगळ्यांना तेच आठवतं.

शब्दमोजणी

टाइमकोड, मोजणीचं समजलं, धन्यवाद. पण मग दुसरा उपाय आहे. ती 0.7 सेकंद गप्प आहे ना? पहिलं सबटायटल तेवढ्यात तसंच ठेवा. 2.1 चे 2.8 झाले की 47 मावतात. मूळ 46 चं वाक्य जसंच्या तसं बसेल. वावरही राहील, दिवसभरही राहील.

टाइमकोड

हिशेब जवळजवळ बरोबर. दोन सबटायटलांमध्ये दोन फ्रेमची मोकळी जागा सोडावी लागते, म्हणजे 24 फ्रेमच्या फिल्ममध्ये साधारण 0.08 सेकंद. तेवढे वजा केले तरी 46 बसतात, अगदी काठावर. आणि बोलणं संपल्यावर सबटायटल थोडा वेळ रेंगाळू देणं चुकीचं नाही, सगळेच करतात.

पण या ठिकाणी मी करणार नाही. त्या 0.7 सेकंदांत ती मान वर करते. प्रेक्षकाचा डोळा तेव्हा खाली अक्षरांवर अडकला असेल तर तो चेहरा त्याला दिसणारच नाही. 31 चं वाक्य वेळेआधी वाचून होतं आणि डोळा वर जायला मोकळा राहतो. प्रेमाच्या प्रसंगात मी नेहमी मर्यादेच्या थोडं आतच राहतो, मर्यादा भरून काढत नाही.

त्याहून मोठी चूक एक सांगतो, नवीन माणूस हमखास करतो. वेळ वाचवायला तो आणि ती दोघांची वाक्यं डॅश देऊन एकाच सबटायटलमध्ये टाकतात. मोजणी सुंदर बसते. पण प्रेक्षक "किती एकर" वाचून आधीच हसतो आणि ती बोलते तेव्हा हसू संपलेलं असतं. माझ्या हातून एका फिल्ममध्ये हे झालं आहे. थिएटरात मागे उभा होतो, लोक हसले आणि मग नायिकेनं तोंड उघडलं. तो आवाज अजून कानात आहे.

मास्तर_घाटंजी

पांदणवाट माझा विद्यार्थी आहे, त्यामुळे हा धागा आवर्जून वाचतो आहे.

मूळ वाक्यातली एक गोष्ट कोणी बोललं नाही. तो म्हणतो "तुहाच वावर", म्हणजे तो वावर, पुल्लिंगी, ये-जा. ती विचारते "किती एकराचं", म्हणजे ते वावर, नपुंसकलिंगी, शेत. त्या एका 'चं' मध्ये तिनं शब्द फिरवला आहे. तिला त्याचं म्हणणं नीट कळलेलं आहे, तरी तिनं मुद्दाम दुसरा अर्थ घेतला, हे त्या अनुस्वारातून ऐकू येतं. 'जागा' दोन्ही अर्थांनी स्त्रीलिंगीच. त्यामुळे तिचं हे फिरवणं तुमच्या सबटायटलमध्ये थोडं पुसट होतं. उपाय माझ्याकडे नाही, पण हे गेलं आहे हे माहीत असू द्या.

दुसरं, सातबाऱ्याबद्दल. बाया तिसऱ्या वाक्याला गप्प का झाल्या? शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती, की घरच्या लक्ष्मीच्या नावानं जमिनीचा तुकडा करून द्या. आमच्या वडिलांनी आईच्या नावानं दोन एकर केले. आई लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती, पण तो सातबारा तिनं पेटीत साडीच्या घडीत ठेवला होता, शेवटपर्यंत. आमच्याकडे पोट्टा पोट्टीला सातबाऱ्याचं बोलतो तेव्हा ते हसण्यावारी न्यायचं वाक्य नसतं. ती लग्नाची मागणी आहे. तो शब्द कोणत्याही मर्यादेत कापू नका.

पांदणवाट

मास्तर, नमस्कार. सातबारा नाही कापत. "आहे तेवढी. सातबारा तुझ्याच नावावर करतो." 39 भरलं, वाक्याला 2.4 सेकंद आहेत म्हणजे 40 मावतात. 'आहे तेवढी' काढायचा मोह झाला होता, पण त्यात त्याची गरिबी आहे. ते राहू दिलं.

वऱ्हाडी_ठेचा

मला एक समजून सांगा. वऱ्हाडी मराठी नाही का? मराठी फिल्मला मराठीच सबटायटल, ते बी धुऊन-पुसून? वऱ्हाडीतच लिहा न. वावराले वावर, धुऱ्याले धुरा. ज्याले कळलं त्याले कळलं. आमी नाई का लहानपणापासून पुण्याची भाषा ऐकून ऐकून शिकलो? कोनी सबटायटल देल्ले होते आमाले?

नाशिकचा_नाद

+1. हेच म्हणत होतो.

मालवणी_बोका

ठेचादादा, तुमचं दुखणं कळतं. आमच्या मालवणीचंही तेच होतं. पण मी पुस्तक वाचताना अडलो तर थांबू शकतो, मागे जाऊ शकतो. वर मी तसंच केलं. पडद्यावर ती सोय नाही. 'धुरा' वाचला असता तर मला 'संसाराची धुरा' आठवली असती. मी तिथे अडकलो असतो आणि शिट्टी मारायची वेळ निघून गेली असती. मला शिट्टी मारायची आहे हो!

टाइमकोड

वऱ्हाडी_ठेचा यांच्या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढं सांगतो. आपल्याच भाषेच्या दुसऱ्या बोलीचे सबटायटल परक्या भाषेपेक्षा अवघड असतात, कारण प्रेक्षकाला ऐकलेलं अर्धं कळतं. कानावर 'वावर' पडतो आणि खाली 'जागा' दिसतं. कोरियन फिल्म पाहणाऱ्याला असा फरक जाणवत नाही. इथे जाणवतो आणि ज्याला वावर कळतो त्याला ते खटकणारच. म्हणून मी असं करतो : जो शब्द बोलीतला असला तरी प्रसंगावरून कळतो, तो तसाच ठेवायचा. जो दुसऱ्याच ओळखीच्या अर्थाकडे नेतो तो बदलायचा. 'पोट्टी' ठेवता येईल. 'धुरा' नाही, कारण बोक्यानं सांगितलं तशी वाचणाऱ्याकडे आधीच दुसरी धुरा असते. 'वावर' या दोन्हींच्या मध्ये आहे.

वऱ्हाडी_ठेचा

पोट्टी ठेवता तं अर्धं समाधान झालं. बाकीचं अर्धं मी सोडत नाई.

पांदणवाट

मंडळी, एक प्रयोग केला, तो सांगतो. गावात दाखवून उपयोग नाही, इथे सगळ्यांना ऐकूनच कळतं. बहीण चिपळूणला दिली आहे. तिच्या सासरच्या चौघांना त्या तीस सेकंदांच्या तीन फाइली पाठवल्या, एकेकाला एकच. आणि बहिणीला सांगितलं की त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहा, हसू कधी येतं ते मला सांग.

सासऱ्यांना 46 वाली दाखवली, वावर ठेवून, शांततेवर रेंगाळणारी. ते शेवटपर्यंत गंभीर होते आणि मग म्हणाले, मुलगी रागावली आहे का? डॅशवाली दिराला दाखवली. तो हसला, पण तिच्या आधी. टाइमकोडदादा, अगदी तुम्ही सांगितलं तसं. जाऊबाईंना आणि नणंदेला 'जागा' वाली दाखवली. नणंद "किती एकर" ला हसली आणि जाऊबाई सातबाऱ्याला म्हणाल्या, "अगं, मागणीच घालतोय हा!"

चौघांचाच प्रयोग आहे, त्यावरून फार मोठं काही म्हणत नाही. पण मागणी चिपळूणपर्यंत पोचली.

चौथं वाक्य आधी "आधी बांध ओलांडून दाखव!" केलं होतं, 22. वेळ 1.3 सेकंद, म्हणजे बसत होतं. पण आमची नायिका, जी गावचीच आहे, म्हणाली, "भाऊ, माहा 'तं' कुठी गेला?" खरंच, "धुरा तं ओलांड" मधला सगळा तोरा त्या 'तं' मध्ये आहे. 'ओलांडून दाखव' म्हणजे आव्हान झालं. 'तं ओलांड' म्हणजे आव्हान आणि बोलावणं दोन्ही. आता "आधी बांध तरी ओलांड!" केलं आहे. 19 च भरलं. कमी खुणांत जास्त आलं.

सांबारवडी

नायिकेला माझ्याकडून शाबासकी सांगा. 'तं' साठी भांडणारी पोरगी!

मास्तर_घाटंजी

'तरी' उत्तम. आणि बांध ओलांडणं म्हणजे मर्यादा ओलांडणं, हा अर्थही प्रमाण मराठीत आपोआप लागतो. धुऱ्यावरून आमच्याकडे भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात. दुसऱ्याच्या वावरात पाय टाकणं साधी गोष्ट नाही. ती त्याला नेमकं तेच करायला सांगते आहे.

पांदणवाट

आता हिंदी. 'जागा' चं 'जगह' केलं होतं, पण 'जगह' ला एकर नीट लागत नाहीत. म्हणून जमीन घेतली.

खेत में हूँ, पर मन की ज़मीन तेरी।
ज़मीन? कितने एकड़?

पहिलं 33, बसलं. दुसरं 18 दाखवतं आणि तिथे एका सेकंदात 17 च मिळतात. कुठला एक जास्त आहे तेच कळेना.

टाइमकोड

'ज़' आणि 'ड़' खालचे नुक्ते. प्रत्येक नुक्ता वेगळी खूण. तुमच्या या छोट्या वाक्यात दोन आहेत. नुक्ते काढू नका, 'एकड' हिंदी वाचणाऱ्याला चूक दिसेल. तिच्या बोलण्यानंतर पुढच्या सबटायटलला किती जागा आहे?

पांदणवाट

0.1 सेकंदच. तो लगेच बोलतो.

टाइमकोड

मग शेवट वाढवू नका, दोन फ्रेमची मोकळी जागा जाईल. सुरुवात दोन फ्रेम आधी घ्या, ती तोंड उघडायच्या त्या क्षणी. इतकं आधी आलेलं डोळ्याला कळत नाही. चार-पाच फ्रेमच्या पुढे मात्र जाऊ नका, पुन्हा त्या डॅशवाल्या चुकीकडे जाल.

पांदणवाट

झालं, हिरवं दिसतंय! आता हिंदीत सातबारा. 'सातबारा' हिंदीवाल्याला कळणार नाही. 'खतौनी' उत्तर प्रदेशात कळेल. 'काग़ज़ तेरे नाम' लिहून पाहिलं, ते फार कोरडं वाटलं.

रेवतीची_आई

मी मूळची बैतूलची, लग्न होऊन इकडे आले. आमच्या माहेरी जमीन घेतली की "रजिस्ट्री हो गई" म्हणतात. सगळ्यांना कळतं. आणि पळून जाऊन लग्न करणाऱ्यांनाही म्हणतात की रजिस्ट्री करून आले. तेवढ्यासाठी विचारते, चालेल का?

पांदणवाट

काकू!!! "जितनी है। रजिस्ट्री तेरे नाम।" जमीन पण आणि लग्न पण. मास्तर म्हणाले ती मागणी आता उघड झाली.

शब्दमोजणी

रजिस्ट्री. डोळ्याला तीन अक्षरं, यंत्राला र, ज, वेलांटी, स, हलन्त, ट, हलन्त, र, वेलांटी म्हणजे 9. पूर्ण वाक्य 29. यावेळी बरोबर मोजलं ना टाइमकोड?

टाइमकोड

अगदी बरोबर. आणि काकूंचा शब्द माझ्या डोक्यात आला नसता. हिंदीत सातबाऱ्याचं गांभीर्य थोडं कमी झालं, पण जे मिळालं ते मूळ वाक्यात इतकं उघड नव्हतं. मी हाच ठेवीन.

मास्तर_घाटंजी

मी जरा साशंक आहे. मूळ पोट्टा पळून जायचं बोलत नाही. तो घरच्यांसमोर नावावर करायचं बोलतो आहे. 'रजिस्ट्री' मध्ये ते दोघेच उरतात, गाव उरत नाही. विचार कर.

पांदणवाट

मास्तर, दोन दिवस त्यावरच विचार करतोय. ठरत नाही. फाइल शुक्रवारी द्यायची आहे. सध्या 'रजिस्ट्री' ठेवलं आहे, कारण पुढच्या "पहले मेड़ तो लाँघ!" ला ते छान भिडतं. मराठीत मात्र सातबारा तसाच आहे.

आणि वऱ्हाडी_ठेचा, तुमच्यासाठी एक तिसरी फाइलही करतोय, पूर्ण वऱ्हाडीत, ऐकू न येणाऱ्या आपल्या लोकांसाठी. आमच्याच गावात एक आजोबा आहेत, त्यांना त्या दिवशी शिट्ट्या का पडल्या ते कळलं नव्हतं. तीत वावर वावरच राहील. पहिलं वाक्य तरीही 35 च्या आत बसवायचं आहे. "मी वावरात, मनात तुहाच वावर." इथपर्यंत आलोय.

वऱ्हाडी_ठेचा

'दिसभर' काढला तरी चालते. आजोबाले उन्ह दिसतेच. किती भरलं?

शब्दमोजणी

27.